भाड्याची गाडी परत देताना नुकसान आढळल्यास: आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून तक्रार कशी नोंदवावी

गोव्यात भाड्याने घेतलेली गाडी परत करताना जे वाद होतात, त्यांत फोटो कोणाकडेच नाहीत अशी स्थिती आता क्वचितच असते. फोटो दोन्ही बाजूंकडे असतात. मात्र ते एकमेकांशेजारी ठेवले की त्यांतून काहीच ठरत नाही, कारण घेतानाचा फोटो एका कोनातून आणि सावलीत काढलेला असतो, तर परतीचा फोटो दुसऱ्याच कोनातून आणि भर उन्हात. पुढील टप्पे हे अशा दोन नोंदी ताडून पाहता येतील इतक्या सारख्या कशा कराव्यात, फरक आढळल्यास तो कोणत्या शब्दांत लिहावा आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जाण्यापूर्वी काय विचारावे, यासाठी आहेत. विवेचन प्रामुख्याने चारचाकीचे आहे. स्कूटरसाठी जेथे वेगळे काही करावे लागते, तेथे तसे म्हटले आहे.

## १. ताब्यात घेण्यापूर्वीची तयारी

गाडीभोवती फिरण्याआधी तिची नंबरपाटी पाहावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी वापराची असते, आणि खासगी विमापत्रात भाड्याने वापर झाल्यास संरक्षण नाही अशी अट असते. नुकसानीच्या तक्रारीशी याचा थेट संबंध आहे: अशा गाडीला धक्का लागला तर मालकाला विम्याकडे जाता येत नाही, आणि मग सगळा खर्च तो आपल्या डिपॉझिटमधूनच वसूल करू पाहतो. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडली तरी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोबत मोजपट्टी, मऊ फडके आणि टॉर्च असावी. शिवणकामाची टेप चालते. थिवी किंवा मडगाव स्थानकाबाहेर, तसेच मोपा विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडी संध्याकाळी किंवा रात्री हाती दिली जाते, आणि पिवळ्या दिव्याखाली पांढऱ्या गाडीवरचा ओरखडा जवळजवळ दिसतच नाही.

इशारा: पावसाळ्यात ओल्या गाडीची नोंद करू नये. पाण्याचा पातळ थर वरच्या वार्निशमधले बारीक ओरखडे भरून टाकतो आणि पत्रा नवा भासतो. पाणी वाळले की तेच ओरखडे उमटून येतात. नोंद करायचा भाग आधी फडक्याने पुसून कोरडा करावा. तांबड्या चिखलाचे थर असतील तर कोरड्या फडक्याने घासू नये, कारण त्यातल्या वाळूने नवे ओरखडे पडतात. त्यावर आधी पाणी मारून घ्यावे.

## २. घेतानाची नोंद

पहिला फोटो किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा एकत्र दिसेल असा घ्यावा. परत देतानाही पहिला फोटो हाच असावा. त्यामुळे मधले सगळे फोटो कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यानचे आहेत हे आपोआप ठरते, आणि तारखेवरून वाद उरत नाही.

त्यानंतर चालकाच्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गाडीला पूर्ण फेरी मारावी. चार कोपरे आणि चार बाजू असे आठ फोटो साधारण दोन मीटरवरून घ्यावेत. ही आठ ठिकाणे लक्षात ठेवावीत, कारण परतीच्या वेळी त्याच ठिकाणी उभे राहायचे आहे. बाजूचा फोटो अगदी समोरून घेतल्यास पत्र्यात आपलेच प्रतिबिंब येते आणि पोचा लपतो. थोडे तिरके उभे राहावे.

आधीपासूनचे नुकसान दिसले की त्याचे दोन फोटो घ्यावेत. एक दुरून, ज्यात तो भाग गाडीवर नेमका कोठे आहे हे कळते. दुसरा हातभर अंतरावरून, ज्यात टेप लावलेली असून ओरखड्याची लांबी आणि जमिनीपासूनची उंची वाचता येते. उंची मोजणे बहुतेक जण टाळतात. प्रत्यक्षात तीच पुढे सर्वांत उपयोगी पडते, कारण दोन वेगळे ओरखडे दुरून एकच वाटू शकतात, मात्र जमिनीपासूनच्या त्यांच्या उंचीतला फरक टेपवर स्पष्ट वाचता येतो.

बंपरच्या खालची कडा, दारांखालची पट्टी, चाकांच्या रिमा, टायरची बाहेरची बाजू, छप्पर आणि काचेवरचे खडीचे टवके या जागा गाडी देणाऱ्याच्या छापील आकृतीत पुष्कळदा नसतात. छप्पर अवश्य पाहावे; माडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या छपरावर नारळाचा किंवा झावळीचा पोचा असणे येथे नवलाचे नाही. स्कूटरच्या बाबतीत ब्रेकच्या दोन्ही लिव्हरांची टोके, आरशांच्या मागच्या बाजू, पाय ठेवण्याच्या जागेच्या कडा आणि सायलेन्सरवरचे आवरण यांचे जवळून फोटो घ्यावेत. स्कूटर आडवी पडली की याच जागा प्रथम घासतात, आणि वरचे प्लास्टिक बदलले तरी लिव्हरचे घासलेले टोक तसेच राहते.

पडताळणी: सही करण्यापूर्वी करारपत्रावरील गाडीच्या आकृतीत आपण पाहिलेले प्रत्येक नुकसान खुणेने दाखवलेले आहे ना, हे तपासावे. “ते सगळं असतंच, लिहायची गरज नाही” असे उत्तर मिळाल्यास स्वतः पेनाने लिहून त्याखाली समोरच्याची सही किंवा आद्याक्षरे घ्यावीत. मालकाने फक्त तोंडी मान्य केलेला ओरखडा परतीच्या वेळी दुसराच माणूस गाडी घ्यायला आला की नवा ठरतो.

फोटो त्याच वेळी गाडी देणाऱ्याला पाठवावेत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचित होतो आणि त्यात दडलेली वेळ व ठिकाण यांची माहिती निघून जाते; म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नयेत. व्हिडिओ जोडीला असण्यास हरकत नाही, पण केवळ व्हिडिओवर विसंबू नये. चालत घेतलेल्या चित्रणात बारीक ओरखडा पुसट होतो, आणि थांबवलेल्या चित्रावरून त्याची लांबी मोजता येत नाही.

## ३. भाड्याच्या काळात काही घडल्यास

धक्का लागला की त्याच जागी फोटो घ्यावेत आणि गाडी देणाऱ्याला लगेच लेखी कळवावे. विमा कंपनीला वेळेत सूचना देणे ही विम्याची अट असते, आणि ती मालकाला तेव्हाच पाळता येते जेव्हा त्याला कळते. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान किंवा कोणाला इजा झाली असेल, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गाडी वाटेतल्या गॅरेजमध्ये नेऊन परस्पर टच-अप करून घेऊ नये. नवा रंग आजूबाजूच्या रंगाशी जुळत नाही, आणि किरकोळ नुकसानाच्या जागी लपवाछपवीचा आरोप पदरात पडतो.

## ४. परत देण्यापूर्वीची स्वतःची फेरी

गाडी देण्याच्या जागी ठरलेल्या वेळेआधी निदान अर्धा तास पोहोचावे. आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी गाडीवर पाणी मारून ती कोरडी करून घ्यावी, नाहीतर “चिखलाखाली दिसले नाही, धुतल्यावर दिसले” असे दुसऱ्या दिवशी ऐकावे लागते. मग मालकाचा माणूस येण्यापूर्वी स्वतः एक फेरी मारावी: तोच पहिला फोटो, तेच आठ फोटो, त्याच क्रमाने.

नवे काही दिसले तर ते स्वतःहून सांगावे. आपण दाखवलेले नुकसान आपण मोजलेल्या मापासह नोंदले जाते. त्याने शोधलेले नुकसान त्याच्या शब्दांत.

इशारा: रेल्वे किंवा विमान गाठायचे असल्यास चावी रखवालदाराकडे ठेवून जाण्याची सूचना हमखास येते. अशा वेळी चावी ठेवलेली जागा, किलोमीटरचा आकडा आणि गाडीच्या चारही बाजू यांचे फोटो घेऊन ते तेथूनच पाठवावेत, आणि सोबत “गाडी अमुक वेळी, अमुक ठिकाणी, या स्थितीत ठेवली आहे” एवढे एक वाक्य लिहावे. त्यानंतर आढळलेल्या नुकसानाबाबत प्रश्न निर्माण झाल्यास, तुमचा ताबा कोणत्या क्षणी संपला हे त्या वाक्यावरून दाखवता येते.

## ५. दोन नोंदी शेजारी ठेवून पाहणे

येथे घाई झाली की सगळी तयारी वाया जाते. समोरचा माणूस दारावर बोट ठेवून “हे नवीन आहे” असे म्हणाला, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नये. प्रथम घेतानाचा तोच फोटो फोनवर उघडावा, फोटो जेथून घेतला तेथे उभे राहावे आणि त्या भागाचा आज नवा फोटो घ्यावा. मग दोन्ही फोटोंत न बदलणारी एखादी खूण धरावी: दाराचा खटका, इंधनाच्या झाकणाची कडा, दोन पत्र्यांमधली फट. त्या खुणेपासून नुकसान किती अंतरावर आहे हे दोन्हींत पाहावे.

एक कल्पित उदाहरण तपशिलाने घेऊ. जुलैमध्ये संध्याकाळी थिवी स्थानकाबाहेर पांढरी हॅचबॅक ताब्यात घेतली, आणि ती चौथ्या दिवशी सकाळी मडगावात परत दिली. मालकाच्या माणसाने डाव्या मागच्या दारावर ३४ सेंटिमीटर लांबीचा ओरखडा दाखवला आणि कागदावर “नवा ओरखडा, ३४ सेमी” असे लिहायला घेतले. घेतानाच्या फोटोत त्याच दारावर खटक्याखाली २० सेंटिमीटरची रेघ टेपसह दिसते, जमिनीपासून ७१ सेंटिमीटर उंचीवर, सरळ आडवी. आज टेप लावल्यावर असे दिसले की ती रेघ होती तेवढीच आहे. मात्र तिच्या मागच्या टोकापासून दुसरा, रुंद ओरखडा सुरू होतो आणि ५८ सेंटिमीटरपर्यंत तिरका खाली उतरतो. त्याची लांबी १४ सेंटिमीटर आहे. त्यात बोट फिरवल्यावर तांबडी भुकटी निघाली.

तांबडी भुकटी चिऱ्याची. आसगाव, शिवोलीकडच्या अरुंद गल्ल्यांत चिऱ्यांचे कंपाउंड आणि फाटकाचे खांब रस्त्याला अगदी चिकटून असतात, आणि वळण घेताना डाव्या बाजूचे मागचे दार तेथे घासते. पुढचा भाग सुटला म्हणजे मागचाही सुटेल असे चालकाला वाटते, पण मागची चाके वळणाच्या आतून जातात. तेव्हा १४ सेंटिमीटरचा भाग नवा आहे, हे भाडेकरूनेही मान्य करणे योग्य ठरेल. उरलेले २० सेंटिमीटर नवे नाहीत. एकच ओरखडा म्हणून लिहिली गेलेली ही दोन नुकसाने वेगळी करून लिहिणे, हेच या टप्प्याचे काम.

पोच्यासाठी फोटोंची तुलना पुरेशी पडत नाही. त्यासाठी पत्र्याला जवळजवळ समांतर पाहून एखाद्या सरळ वस्तूचे, म्हणजे शेडची कडा, विजेची तार किंवा ट्यूबलाइट यांचे प्रतिबिंब पाहावे. सपाट पत्र्यावर ती रेघ सरळ राहते. पोच्याजवळ ती वाकते किंवा तुटते. फोटो त्या वाकलेल्या रेघेचाच घ्यावा.

## ६. जुने की नवे: खुणा आणि त्यांच्या मर्यादा

जुन्या फोटोत तो भाग नीट आलाच नसेल, तर नुकसानावरच्या खुणांकडे वळावे लागते. येथे लोक गंजावर फार विसंबतात. ओरखडा पत्र्यापर्यंत खोल असेल तर गोव्याच्या पावसाळी, खाऱ्या हवेत तो दोन-एक दिवसांतही तपकिरी पडू शकतो. म्हणजे गंज दिसला तर नुकसान आजचे नाही एवढेच म्हणता येते. गाडी एकच दिवस घेतली असेल तर हा मुद्दा आपल्या बाजूचा ठरू शकतो. चार दिवस घेतली असेल तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. बंपर प्लास्टिकचा असल्याने तेथे गंजाचा प्रश्नच येत नाही.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे ओरखड्यात वाळून बसलेले पॉलिश. गाडी भाड्याने देण्यापूर्वी पॉलिश केली असेल, तर आधीपासूनच्या ओरखड्याच्या तळाशी आणि कडांना त्याची पांढरट भुकटी अडकते. भाडेकरू गाडीला पॉलिश करत बसत नाही. पांढऱ्या गाडीवर ती दिसत नाही, म्हणून टॉर्च बाजूने धरून किंवा काळ्या कागदावर झटकून पाहावे.

खोली पाहण्यासाठी नख आडवे फिरवावे. नख अडकत नसेल तर ओरखडा बहुधा वरच्या वार्निशपुरता असतो आणि रबिंग कंपाउंड मारून निघू शकतो. अडकत असेल तर रंगकाम करावे लागते. कित्येकदा दुसऱ्या गाडीचा रंग चिकटलेला असतो आणि तो खोल ओरखड्यासारखा दिसतो. तो कंपाउंडने घासून गेला, तर खाली नुकसान फार नसते. ही पाहणी रंगकामाची रक्कम लिहिण्यापूर्वी व्हायला हवी.

एवढे करूनही ठरत नसेल, तर आधीच्या भाडेकरूने गाडी परत दिली त्या वेळची नोंद मागावी. ही मागणी फारसे कोणी करत नाहीत, पण मालकाकडे ती नोंद असेल तर उत्तर तीतच मिळते, कारण त्याची परतीची नोंद हीच तुमच्या घेण्याच्या आधीची स्थिती असते. वरच्या उदाहरणात ती मागितल्याने आणखी एक गोष्ट कळू शकते: २० सेंटिमीटरच्या रेघेचे पैसे आधीच्या भाडेकरूकडून घेतले गेले होते की नाही.

## ७. नोंद लिहिणे

प्रत्येक नुकसानाला स्वतंत्र ओळ द्यावी आणि ते “आधीपासूनचे”, “नवे” किंवा “ठरवता येत नाही” यांपैकी काय आहे, हे लिहावे. तिसरा पर्याय लिहायला दोन्ही बाजू नाखूश असतात. तरीही उगाच नवे किंवा जुने म्हणण्यापेक्षा तो लिहिणेच प्रामाणिक आहे, आणि पुढे कोणी तिसऱ्याने कागद पाहिल्यास त्याची विश्वासार्हताही त्याने वाढते. उदाहरणातली नोंद अशी होईल:

“डावे मागचे दार. (१) आडवी रेघ, २० सेमी, जमिनीपासून ७१ सेमी: आधीपासूनची, घेतानाचा फोटो ७, परतीचा फोटो ७. (२) तिरका ओरखडा, १४ सेमी, ७१ ते ५८ सेमी उंचीदरम्यान, नख अडकते, पोचा नाही: नवा, परतीचे फोटो ८ आणि ९. किलोमीटरचा आकडा, तारीख, वेळ, ठिकाण. दोघांच्या सह्या.”

यात कारण लिहिलेले नाही, आणि ते मुद्दाम. “बेदरकारपणे चालवल्याने” किंवा “आधीच्या मालकाने नीट दुरुस्त न केल्याने” अशी वाक्ये आली की नोंदीचे भांडण होते.

इशारा: छापील फॉर्मवर पुष्कळदा “वरील सर्व नुकसानीची भरपाई देण्यास मी बांधील आहे” असे वाक्य असते. ते खोडून “नुकसान पाहिले, रकमेबाबत मान्यता नाही” असे लिहावे आणि मगच सही करावी. रकमेची जागा कोरी असलेल्या कागदावर सही करू नये.

## ८. रक्कम ठरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

रंगकाम सहसा पूर्ण दाराचे होते, कारण मध्येच मारलेला ठिपका वेगळा दिसतो. त्यामुळे ओरखडा १४ सेंटिमीटरचा असो की ३४ चा, गॅरेजचा आकडा जवळपास तोच येतो. समजा, अंदाजपत्रक ४,००० रुपयांचे आले. दार आधीच रंगाला आलेले होते, हे मालकाच्या स्वतःच्या कागदावर लिहिलेले असताना पूर्ण ४,००० रुपये नव्या ओरखड्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. निम्म्याच्या आसपास तडजोड होणे वाजवी आहे. आधीच्या भाडेकरूकडून त्याच दाराचे पैसे घेऊन काम केलेले नसेल, तर तेही वजा करण्याची मागणी करावी.

अंदाजपत्रक गॅरेजच्या नावाचे आणि लेखी मागावे, आणि उरलेले डिपॉझिट कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल हे त्याच नोंदीत लिहून घ्यावे. गाडी गॅरेजमध्ये राहील त्या दिवसांचे भाडे मागितल्यास करारपत्रात तसे कलम आहे का, हे पाहावे; नसेल तर नकार द्यावा.

“विमा आहे ना?” हा प्रश्न अनेक जण विचारतात, पण लहान ओरखड्याला त्याचा उपयोग नसतो. विमापत्रातली सक्तीची वजावट, रंगाच्या साहित्यावरचा घसारा आणि दावा केल्यास जाणारी नो-क्लेम बोनसची सवलत लक्षात घेता मालक दावा करतच नाही. मोठ्या नुकसानात मात्र स्थिती उलटते. प्लास्टिकच्या भागांवर सर्वसाधारण विमापत्रात ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर कापला जात नाही. तेव्हा फुटलेल्या बंपरसाठी मालक जो फरक मागेल तो समजण्यासारखा असतो, पण संपूर्ण बिल तुमच्याकडून आणि तेच पुन्हा विमा कंपनीकडून घेणे नव्हे. दावा होणार असेल तर विमा कंपनीकडून पाहणी होण्यापूर्वी दुरुस्ती सुरू झालेली नसावी, आणि दाव्याचा क्रमांक तुम्हाला मिळावा.

## ९. वाद मिटला नाही तर

प्रथम मालकाला लेखी पत्र किंवा ईमेल पाठवावा: दोन्ही फोटोंची जोडी, सह्यांची नोंद, मान्य असलेली रक्कम आणि परत हवी असलेली रक्कम, एवढेच त्यात असावे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथेही सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापूर किंवा पुण्याहून आलेल्या पर्यटकाला त्यासाठी पुन्हा गोव्यात यावे लागत नाही. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.

इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राची गरज पडू शकते, आणि त्यात फोटो कोणत्या उपकरणातून आला हे सांगावे लागते. म्हणून वाद चालू असेपर्यंत तो फोन विकू नये, त्यातले मूळ फोटो हलवू नयेत, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन करारपत्र, पावती व सह्यांच्या नोंदीसोबत एकाच पाकिटात ठेवावी.